पट्टी उभी धर

"मॅडम, 8xy मधले x आणि y सरळ वेगळे होतात. मग ते इंडिपेंडंट का नाहीत? माझं अख्खं गणित चूक दिलंय. मला स्टॅट्स जमणारच नाही का?"

परीक्षा जवळ आली की कॉलेज रोडवरच्या माझ्या खोलीत हे गाऱ्हाणं हटकून येतं. यंदा ते सिन्नरहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने मांडलं. वहीत सुबक अक्षरात लिहिलेली x आणि y ची जॉइंट डेन्सिटी: f(x,y) = 8xy, 0 < x < y < 1. खाली दोन्ही इंटिग्रल 0 ते 1, आणि मार्जिनल, म्हणजे एकट्या x ची आणि एकट्या y ची डेन्सिटी, 4x, 4y.

"आता 4x चं 0 ते 1 इंटिग्रल काढ."

"दोन."

"मार्जिनलचं किती यायला हवं?"

"एक..." पेन थांबलं.

एका ओळीची ही पडताळणी मुलं गाळतात. ती केली की लिमिट चुकल्याचं तिथेच कळतं.

सूत्राआधी चित्र, हा माझा जुना आग्रह. मी चौकोनी कागद कर्णावर दुमडला आणि वरचा त्रिकोण तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "x = 0.8 वर पट्टी उभी धर. y कुठून कुठे?"

"0.8 पासून 1 पर्यंत."

"0.3 वर?"

"0.3 पासून." ती पट्टी मागेपुढे सरकवत राहिली. मी मुद्दाम गप्प बसले. "मॅडम, x कळला की y ची हद्दच बदलते!"

ह्या क्षणासाठी मी कितीही वेळ थांबते. 8xy फुटतं, पण 0 < x < y < 1 ही अटही फलनाचाच भाग आहे, आणि ती फुटत नाही. मुलं अट समासात लिहून विसरतात, भीती मात्र गणिताची धरतात.

पुढचं तिने स्वतः केलं. उभ्या पट्टीवर y हा x पासून 1 पर्यंत, म्हणून f_X(x) = 4x(1 − x²). आडव्या पट्टीवर x हा 0 पासून y पर्यंत, म्हणून f_Y(y) = 4y³. दोन्हींचं इंटिग्रल एक. x आणि y इंडिपेंडंट असते तर मार्जिनलचा गुणाकार 8xy आला असता; आला 16xy³(1 − x²). खरं तर गुणाकाराचीही गरज नव्हती. x = 0.8, y = 0.3 घ्या: दोन्ही मार्जिनल शून्याहून मोठे, पण तो बिंदू त्रिकोणाबाहेर, म्हणून जॉइंट डेन्सिटी शून्य. दुमडून मागे गेलेल्या अख्ख्या भागाची हीच गत, म्हणून x आणि y इंडिपेंडंट असूच शकत नाहीत.

"मग पूर्ण चौकोन असला की इंडिपेंडंट?" तिने विचारलं. उत्तर न देता मी त्याच कागदाची घडी उलगडली आणि त्यावर f(x,y) = x + y लिहून दिलं.

पुढच्या आठवड्यात ती कागद घेऊन आली. "पट्टी कुठेही धरली तरी हद्द तीच राहिली, मॅडम. पण मार्जिनल x + ½ आणि y + ½ आले, आणि त्यांचा गुणाकार x + y होत नाही. इथे गुणून बघावंच लागलं."