जवसाच्या चटणीतलं फॅट: ओव्हनमध्ये फ्लास्कचं वजन वाढतं तेव्हा

प्रश्न: जवसाच्या चटणीतलं फॅट सॉक्सलेटने काढतोय, पेट्रोलियम ईथर वापरून. तीनदा केलं तर ३१, ३४ आणि ३६ टक्के आलं. शिवाय ओव्हनमध्ये फ्लास्कचं वजन आधी कमी होतं आणि मग पुन्हा वाढतं. डायइथिल ईथर घेऊन बघू का? नागपुरात आहे.

उत्तर:

सॉल्व्हंट बदलू नका. ३१ आणि ३६ मधली तफावत थिंबलमधून येते आहे आणि वजन वाढतं ते जवसाच्या तेलामुळे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आधी थिंबल. जवस मिक्सरमध्ये जास्त फिरवला की तेल सुटतं, गोळा होतो, आणि थोडं तेल भांड्यालाच चिकटून राहतं. कमी फिरवला तर दाणे अर्धवट फुटतात आणि आतलं तेल सॉल्व्हंटला सापडत नाही. मी असं करतो: चटणी फक्त भरड करून ३ ग्रॅम वजन करायची, आणि बारीक वाटायचं ते वजन केल्यावरच. खलात धुतलेली कोरडी वाळू आणि थोडं निर्जल सोडियम सल्फेट घालून घोटायचं. ओल्या लसणाचं पाणी सल्फेट धरून ठेवतं. नाहीतर पेट्रोलियम ईथर ओल्या कणांत शिरतच नाही. सगळं थिंबलमध्ये घातलं की कापसाचा बोळा सॉल्व्हंटमध्ये भिजवून खल आणि बत्ता पुसायचा आणि तोच बोळा वर झाकण म्हणून बसवायचा. थिंबल आणि कापूस दोन्ही आधी एकदा नुसत्या सॉल्व्हंटने धुऊन घेतलेले असावेत.

माल दाबून भरू नका, आणि तो सायफनच्या वरच्या वळणाच्या खालीच राहिला पाहिजे. त्याच्या वर राहिलेला भाग पूर्ण बुडत नाही, म्हणून त्यातलं तेल नीट निघत नाही. चार तास झाले की थिंबल काढा, सॉल्व्हंट उडू द्या, माल पुन्हा खलात घोटा आणि त्याच फ्लास्कवर आणखी दोन तास चालवा. तेलबियांना हे दुसरं घोटणं लागतंच. तुमचे ३१ टक्के बहुधा इथेच अडकलेत.

डायइथिल ईथर ३४.६ अंशाला उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात प्रयोगशाळेतली हवाच त्याहून तापलेली असते. ते पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्यासोबत थोडी साखर वगैरेही फ्लास्कमध्ये येते. जुन्या बाटलीत पेरॉक्साइड साठतात, ते तर जिवावर बेतू शकतं. ४०–६० चं पेट्रोलियम ईथर बरं. पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी कंडेन्सरला लावू नका, उन्हाळ्यात ते कोमट नाही, गरमच असतं. बादलीत बर्फ आणि छोटा पंप, एवढं पुरतं. फ्लास्कमधलं सॉल्व्हंट मध्येच कमी होताना दिसलं तर कंडेन्सर कमी पडतोय.

आता वाळवणं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. हेच तेल चित्रकार रंगात वापरतात, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. तुमच्या फ्लास्कमध्ये तेच चालू आहे. माझ्या वहीतला एक नमुना बघा. चटणी ३.००५० ग्रॅम, रिकामा फ्लास्क ९६.२१४० ग्रॅम. सॉल्व्हंट वॉटर बाथवर, वास जाईपर्यंत उडवलं (वाफा असलेला फ्लास्क ओव्हनमध्ये गेला तर स्फोट होऊ शकतो), मग १०० अंशाला एक तास:

पहिलं वजन ९७.३०१२
आणखी अर्ध्या तासाने ९७.२९६३
पुन्हा अर्ध्या तासाने ९७.२९५७
पुन्हा अर्ध्या तासाने ९७.२९८१

दुसऱ्या आणि तिसऱ्या वजनात ०.६ मिलिग्रॅमचा फरक, म्हणजे तिथेच थांबायचं. चौथं वजन मी मुद्दाम घेतलं होतं, ते २.४ मिलिग्रॅमने वाढलं. हा ऑक्सिजन आहे, फॅट नाही. हिशोबात सगळ्यांत कमी वजन धरायचं: ९७.२९५७ मधून ९६.२१४० वजा करून १.०८१७ ग्रॅम, म्हणजे ३६.० टक्के. चौथं वजन धरलं असतं तरी उत्तर ३६.१ च आलं असतं, म्हणून या वाढीची चिंता थिंबलपेक्षा कमी करा.

मात्र वाढ दिसली की आधी एक खात्री करा: फ्लास्क डेसिकेटरमध्ये पूर्ण गार झाला होता का, आणि सिलिका जेल अजून निळी आहे का? गरम फ्लास्क तराजूवर हलका दिसतो, मग पुढचं खरं वजन वाढल्यासारखं वाटतं. कूलरच्या वाऱ्यात तर वजन करूच नका, ती ओली हवा काचेवर बसते.

तेल मिरचीमुळे लाल दिसेल, ते ठीक आहे. रंगद्रव्यंही कच्च्या फॅटमध्ये मोजली जातात. तळाशी गाळ दिसला तर तेल पेट्रोलियम ईथरमध्ये विरघळवून अलगद ओतून टाका, उरलेला गाळ वाळवून वजन करा आणि तेवढं वजा करा.