रात्री एकचा मेसेज आणि एक पत्र

"क्लायंट न्यूयॉर्कचा. त्याचे मेसेज रात्री बारा-एकला येतात. उत्तर दिलं नाही तर काम हातचं जाईल असं वाटतं आणि दिलं तर झोप जाते. वेळा ठरवून घेण्याचं पत्र लिहावं का? ते उद्धट वाटेल का?"

हे विचारणाऱ्या बाई पुस्तिका आणि वार्तापत्रांची मांडणी करतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पत्राला हात लावण्याआधी मी त्यांना मागच्या महिन्यातले रात्रीचे सगळे मेसेज काढायला सांगितले. प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहायची: याचं उत्तर सकाळी गेलं असतं तर त्याचं काय अडलं असतं? बहुतेकांसमोर "काही नाही" आलं. आपल्या दुपारी डोक्यातलं सगळं लिहून टाकायची त्या गृहस्थांची सवय होती. ताबडतोब उत्तराची अपेक्षा बाईंनी स्वतःच धरली होती.

तरी त्यांचा पहिला मसुदा माफीनेच सुरू झाला: "क्षमस्व, मला रात्री उपलब्ध राहता येणार नाही." हे वाचून क्लायंटला फक्त काय मिळणार नाही एवढंच कळतं. त्याला हवं असतं ते वेगळंच: मी कधी बोलू शकतो आणि काम कधी हातात येईल? म्हणून आम्ही मसुदा उलटा केला. पत्र अर्थात इंग्रजीत गेलं. त्याचा गाभा असा:

"सोमवार ते शुक्रवार, तुमच्या घड्याळानुसार सकाळी ९ ते ११ मी कॉल आणि चॅटवर असेन. तुम्ही संध्याकाळी ५ पर्यंत पाठवलेल्या किरकोळ दुरुस्त्या पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ९ वाजता तयार मिळतील. नव्या अंकाचा पहिला मसुदा, सगळा मजकूर आणि चित्रं मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत देईन. त्याच दिवशी छपाईला जाणाऱ्या कामात चूक सापडली तर फोन करा. चार आठवडे असं करून पाहू आणि मग काय बदलायचं ते ठरवू."

यातला "तुमच्या घड्याळानुसार" हा शब्दप्रयोग मुद्दाम आहे. भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं, न्यूयॉर्कमध्ये मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. त्यामुळे न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. वेळ कोणाच्या घड्याळाची ते लिहिलं नाही, तर नोव्हेंबरात दोघांपैकी एक जण तासभर वाट बघत बसतो. हिवाळ्यात साडेनऊपर्यंत बसणं झेपेल का, हे बाईंनी घरच्यांशी बोलून आधीच ठरवलं.

दुसरी अट "सगळा मजकूर मिळाल्यापासून" ही. नुसतं "तीन दिवसांत" लिहिलं की अर्धा मजकूर आल्या क्षणापासून दिवस मोजले जातात, आणि उरलेलं दोन दिवसांनी आलं तरी उशीर तुमच्याच नावावर पडतो. "२४ तासांत" हेही मी टाळायला सांगते. न्यूयॉर्कला शुक्रवारी दुपारचे ४ वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवार लागून रात्रीचा दीड वाजलेला असतो. ते २४ तास तुमच्या सुट्टीतूनच जातात. कामाचा दिवस आणि ठरलेली वेळ लिहिली, की ती शुक्रवारची दुरुस्ती सोमवारी तुमच्या दिवसभरात होते आणि त्याला त्याच्या सोमवारी सकाळी मिळते.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. बाकी सगळं मान्य, फक्त बुधवारी दुपारी २ वाजता त्यांची बैठक असते, तिला याल का? म्हणजे इकडे रात्रीचे साडेअकरा. बाईंनी नुसतं "जमणार नाही" न म्हणता बुधवारी त्यांच्या सकाळच्या साडेदहाची वेळ सुचवली आणि बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी मागून घेतले. ते जमलं.

घसरगुंडी दुसऱ्या आठवड्यात झाली, तीही बाईंकडूनच. जाग होती म्हणून त्यांनी रात्री एकला एका मेसेजला उत्तर दिलं. लगेच पुढचे तीन मेसेज आले. पत्रात काहीही लिहिलेलं असो, समोरचा माणूस उत्तर कधी येतं यावरूनच तुमच्या वेळा ओळखतो. आता रात्री काही सुचलंच तर त्या उत्तर लिहितात, पण मेल त्याच्या सकाळी ९ वाजता जाईल असा लावून ठेवतात.

हे पत्र सगळीकडे चालत नाही. कामच थेट मदतीचं असेल किंवा करारात क्लायंटच्या पूर्ण दिवसाची हजेरी लिहिलेली असेल, तर दोन तासांचा प्रस्ताव टिकणार नाही. तिथे बोलणं रात्रपाळीच्या दराचं करावं लागतं, आणि तेही करार नव्याने होत असताना.