आयफोनमधून उडवलेला मेसेज किती दिवस परत मिळतो?

"बाबांच्या आयफोनमध्ये घरमालकांनी जानेवारीत डिपॉझिट मिळाल्याचा मेसेज पाठवला होता. १० मार्चला फोनमध्ये जागा करताना बाबांकडून ते अख्खं संभाषण उडालं. आज २ एप्रिल. मेसेज जुना आहे, तर आता मिळेल का? आम्ही कोथरूडला असतो, कुठल्या दुकानात दाखवू?"

मिळेल, आणि दुकानात जायची गरज नाही. उडवलेला मेसेज ३० दिवस परत मिळवता येतो, आणि मेसेज कधी आला होता याच्याशी या मुदतीचा संबंध नसतो. दिवस मोजले जातात ते मेसेज उडवल्यापासून. १० मार्चपासून आज २३ दिवस झाले, म्हणजे ३० पैकी साधारण ७ उरले. त्यानंतर तो कायमचा जाऊ शकतो. अॅपल म्हणतं की पूर्ण पुसायला ४० दिवसांपर्यंतही लागू शकतात, म्हणजे तुमच्या बाबतीत १९ एप्रिल. पण त्या जादा दहा दिवसांवर विसंबू नका. ९ एप्रिल हीच शेवटची तारीख धरा आणि काम आजच उरका.

मेसेजेस अॅप उघडून मुख्य यादीत वर डावीकडे Edit दाबा, मग Show Recently Deleted. तिथे Edit ऐवजी Filters दिसत असेल, तर त्यात Recently Deleted सापडेल. अगदी नव्या आयओएसमध्ये हे वर उजवीकडच्या फिल्टरच्या चिन्हात आहे. ही सोय २०२२ च्या आयओएस १६ पासूनची, त्यामुळे फोनमध्ये त्याआधीचं व्हर्जन असेल तर हा फोल्डरच दिसणार नाही.

आत मेसेज वाचता येत नाहीत, इथेच बरेच जण गोंधळतात. घरमालकांचं नाव किंवा नंबर, किती मेसेज आहेत आणि किती दिवस उरलेत, एवढंच दिसतं. त्या ओळीवर टिक करून खाली उजवीकडे Recover दाबा. डावीकडच्या Delete ला चुकूनही हात लावू नका, तिथून गेलेलं परत येत नाही. आणि संभाषण परत आलं तरी ते यादीत सगळ्यात वर शोधू नका, ते आपल्या मूळ तारखेच्या जागी जाऊन बसतं. घरमालकांचं नाव टाकून सर्च करा.

फोल्डरमध्ये ते नसेलच, तर आयक्लाउडच्या बॅकअपची आशा धरण्याआधी सेटिंग्जमध्ये आयक्लाउडखाली मेसेजेस चालू आहे का ते बघा. चालू असेल तर मेसेज बॅकअपमध्ये जातच नाहीत, आणि एका उपकरणावर उडवलेलं सगळीकडून उडतं. म्हणजे बाबांच्या आयपॅडवरही काही उरलेलं नसणार. मग घरमालकांच्या फोनवरच तो मेसेज असेल, त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागा.

मेसेज परत आला की एक सेटिंग नक्की बघा: Messages मधलं Keep Messages. तिथे 30 Days असेल तर Forever करा, नाहीतर फोन जुने मेसेज स्वतःहून काढून टाकत राहील. आणि डिपॉझिटच्या मेसेजचा तारखेसकट दिसणारा स्क्रीनशॉट भाडेकराराच्या फाइलसोबत ठेवून द्या.