भाड्याच्या घराला सेफ्टी डोअर: संमतीपत्रात काय लिहावे, घर सोडताना काय करावे

प्रश्न: आम्ही बेळगावच्या शहापुरातील एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. मालक कोल्हापूरला असतात. मी कामावर गेल्यावर पत्नी आणि लहान मुलगी दोघीच घरी असतात, म्हणून मुख्य दरवाजाबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर बसवायचे आहे, शिवाय स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर. सोडताना सगळे पूर्ववत करून देऊ. मालकांना हे कसे लिहावे?

उत्तर:

मी स्वतः घर भाड्याने देतो, त्यामुळे मालकाच्या बाजूने सांगतो. "पूर्ववत करून देऊ" या शब्दांनी मालकाचे समाधान होत नाही, कारण त्यात नेमके काय करणार हे कळत नाही. भोके किती, कुठे आणि ती कशाने बुजवणार, हे तीन प्रश्न त्याच्या मनात असतात. त्यांची उत्तरे पत्रात असली तर परवानगी सहसा मिळते. म्हणून पत्र लिहिण्याआधी दरवाजा कशाला टांगणार हे ठरवून घ्या.

शहापूर, वडगाव, माधवपूर भागातल्या जुन्या घरांच्या भिंती पुष्कळदा जांभ्या चिऱ्याच्या असतात. फॅब्रिकेटर बहुधा सांगेल की लोखंडी चौकट करून भिंतीत फास्टनर मारून बसवू. काँक्रीटच्या खांबात हे उत्तम चालते. चिऱ्यात मात्र फास्टनर फुगून बाजूला दाब देतो आणि भोवतालचा सच्छिद्र दगड भुरभुरतो, त्यामुळे दार दररोज आपटून काही काळाने बोल्ट आतल्या आत फिरू लागतो. बोल्टच्या भोवती गिलाव्याला चिरा दिसू लागल्या की समजावे, पकड गेली. अशी जागा पुढे बुजवायची म्हटली तर बोटाएवढे नव्हे, मुठीएवढे भगदाड भरावे लागते, आणि तेथूनच डिपॉझिटचा वाद सुरू होतो. भिंत कशाची आहे ते एखाद्या कोपऱ्यात गिलावा निघाला असेल तेथे दिसते. तसे नसेल तर इलेक्ट्रिशियनने पूर्वी मारलेल्या एखाद्या भोकातून तांबडी भुकटी येते का ते पाहावे.

भिंत चिऱ्याची असेल आणि लाकडी चौकट धड असेल, तर बिजागऱ्या थेट चौकटीच्या बाहेरच्या अंगाला स्क्रूने लावाव्यात. आपल्याकडे पावसाचे पाणी झिरपून चौकट नेहमी उंबरठ्याजवळ आधी कुजते, म्हणून खालचा वीतभर भाग टोच्याने टोचून पाहावा. टोच्या सहज आत गेला किंवा वाळवीची माती दिसली, तर त्या चौकटीला लोखंडी दाराचा भार देऊ नये, आणि तिची दुरुस्ती ही मालकाशी वेगळी बोलण्याची बाब आहे. चौकट चांगली असेल तर तीन बिजागऱ्या आणि प्रत्येकीला चार स्क्रू, म्हणजे बारा भोके. कडीच्या बाजूला आणखी तीन-चार. एवढा मोजका हिशेब मालकाला सांगता आला की बोलणे सोपे होते. वेल्डिंग चौकटीजवळ करू देऊ नका. दार दुकानातच पूर्ण करून, प्राइमर आणि रंग देऊन आणावे. एक माप फॅब्रिकेटर अनेकदा विसरतात, ते म्हणजे आतल्या दाराच्या कडी-कोयंड्याला आणि हँडलला लागणारी जागा. ती दोन्ही दारांच्या मध्ये सोडली नाही तर दोन्ही एकाच वेळी बंद होत नाहीत, आणि मग चौकटीला अधिक पट्टी ठोकण्याची वेळ येते. पहिल्या मजल्यावर आहात म्हणून हेही पाहा की दार बाहेर उघडताना जिन्याच्या पायऱ्यांवर किंवा शेजाऱ्याच्या दारावर येता कामा नये. जिना सामाईक असेल तर त्या शेजाऱ्यालाही एका शब्दाने विचारून ठेवणे शहाणपणाचे.

आता पत्र. मी एका भाडेकरूला सही करून दिलेल्या मजकुरात थोडा बदल करून देतो. तो असा:

"सप्रेम नमस्कार. आपल्या घराच्या मुख्य दरवाजाबाहेर आम्ही स्वखर्चाने लोखंडी जाळीचे सेफ्टी डोअर बसवू इच्छितो. ते विद्यमान लाकडी चौकटीला तीन बिजागऱ्यांनी व एका कडीने टांगले जाईल. भिंतीला भोक पाडले जाणार नाही व सध्याचे दार, कडी आणि कुलूप जागच्या जागी राहतील. काम सुरू करण्यापूर्वी चौकटीची चारी बाजूंची छायाचित्रे आपणास पाठवीत आहोत. घर सोडताना ताबा देण्यापूर्वी हे दार आम्ही काढून नेऊ, स्क्रूची भोके लाकडाच्या खुंट्या व फेव्हिकॉलने बुजवून घासू आणि चौकटीच्या त्या संपूर्ण उभ्या बाजूस जुन्या छटेचा ऑइल पेंट देऊ. आपली इच्छा असल्यास दार आपण ठेवून घेऊ शकता. त्यासाठी आपण उभयतांनी ठरवलेली रक्कम भाडे व डिपॉझिटपासून वेगळी दिली-घेतली जाईल. कृपया आपली संमती लेखी कळवावी."

यातील "संपूर्ण उभ्या बाजूस" हे शब्द मुद्दाम घातले आहेत. जुन्या रंगावर नुसता ठिपका दिला तर तो वेगळा दिसतोच, कारण आधीचा रंग ऊन-पावसाने फिका पडलेला असतो. ठिपका दिसला की मालक म्हणतो, रंग नीट दिलेला नाही. पूर्ण उभी बाजू रंगवली तर खर्च थोडा वाढतो, पण वादाला जागा राहत नाही. भिंतीला भोके पाडावीच लागली तरी हाच नियम लावावा: सिमेंटने बुजवून, पुट्टी लावून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंग. शक्य असल्यास मालकाला विचारून जुन्या रंगाचा नंबर लिहून ठेवावा. रंगाचा डबा अजून घरात असेल तर त्यावर तो मिळतो.

माझ्या त्या भाडेकरूचे दार बारा हजारांचे होते. घर सोडेपर्यंत तीन वर्षे झाली होती. आम्ही आधीच ठरवले होते की दर वर्षी दोन हजार कमी करायचे, म्हणजे तेव्हा त्याची किंमत सहा हजार ठरली. मला दार हवे होते, मी सहा हजार वेगळे दिले आणि डिपॉझिट पूर्ण परत केले. दाराचे पैसे डिपॉझिटमधून वळते करण्याची पद्धत मला पसंत नाही. त्यात पाणीपट्टी, वीजबिल, रंग हे सगळे एकाच कागदावर मिसळते आणि कोणाचे कशापोटी गेले ते सांगता येत नाही. तुमच्याकडे हा आकडा वेगळा असेल, पण तो दार बसवण्याआधीच ठरवा. हे दार तुमच्याच चौकटीच्या मापाचे असल्याने दुसऱ्या घराला सहसा बसत नाही. घर सोडण्याच्या आदल्या आठवड्यात बोलणे काढलेत तर मालकाला ते ठाऊक असते आणि तो फुकट मागतो.

कायद्याचा आधारही ठाऊक असावा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे, करारात वेगळे काही लिहिले नसेल तर, भाडेकरूने स्वतः जोडलेली वस्तू तो काढून नेऊ शकतो. अट अशी की जागा ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत करावी. त्याच कलमात मालकाच्या संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करण्यास मनाई आहे. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे वस्तू काढून नेण्याचा हा अधिकार ताबा तुमच्याकडे असेपर्यंतच चालतो, नंतर नाही. किल्ल्या देऊन झाल्यावर "दार पुढच्या रविवारी येऊन काढतो" असे म्हणणाऱ्याला मालक नाही म्हणू शकतो. म्हणून पत्रात "ताबा देण्यापूर्वी" हे शब्द आहेत. आधी दार उतरवावे, रंग वाळू द्यावा, मग किल्ल्या द्याव्यात. पावसाळ्यात घर सोडणार असाल तर ऑइल पेंटला वाळायला अधिक वेळ लागतो, तेव्हा तसे दिवस हाताशी ठेवा.

मालक कोल्हापूरला असल्याने पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून त्यांचा स्पष्ट होकार लेखी मिळवला तरी चालण्यासारखे आहे, परंतु पुढे भेट होईल तेव्हा कागदावर सही घ्याच. "बघा तुमचं तुम्ही" असा फोनवरचा होकार मी होकार मानत नाही. मालकाची कागदपत्रे मुलगा किंवा जावई पाहत असेल आणि त्याला कन्नड वाचणे सोयीचे असेल, तर त्याच मजकुराची कन्नड प्रतही जोडावी. दोन्हींवर एकच तारीख असावी.

पाण्याच्या फिल्टरचे काम याहून हलके आहे. प्रथम नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजून घ्या. बेळगावला राकसकोप आणि हिडकल येथील धरणांचे पाणी येते. ते जमिनीवर साठलेले पाणी असल्याने बोअरच्या पाण्याइतके जड नसते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तुमचा आकडा त्याहून बराच कमी असेल तर आरओची गरज नाही. यूव्ही किंवा यूएफ फिल्टर पुरतो आणि वाया जाणाऱ्या पाण्याची वेगळी नळी काढावी लागत नाही. बोअरचे पाणी असेल तर मोजूनच ठरवा. फिल्टर भिंतीवर टांगायचा असल्यास भोके टाइलच्या मध्ये न घेता दोन टाइलच्या सांध्यात घ्यायला सांगा. सांध्यातले भोक पांढऱ्या सिमेंटने बुजते आणि नजरेस पडत नाही. टाइल फुटली तर त्याच डिझाइनची दुसरी बाजारात मिळेलच असे नाही, आणि मालक पूर्ण भिंतीच्या टाइल्स मागेल. ओट्यावर ठेवण्याजोगा फिल्टर घेतलात तर हाही प्रश्न उरत नाही. नळाला जोडताना मूळ तोटी आणि तिचा निपल एका पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवा. फिटर ते खोक्याबरोबर फेकून देतात आणि घर सोडताना नवी तोटी विकत आणावी लागते.

सेफ्टी डोअरची एक जादा किल्ली मालकाला द्या, असे काही जण सांगतील. मी उलट सांगेन की मालक परगावी आहेत, तेव्हा त्यांनी मागितल्याशिवाय देण्याचे कारण नाही, पण आग किंवा पाणी फुटण्यासारख्या प्रसंगी दार उघडू शकेल असा एखादा विश्वासू माणूस शेजारी असावा.

राहिली ती गोष्ट दरवेळच्या अकरा महिन्यांच्या करारनाम्याची. नूतनीकरणाच्या वेळी बाँड टाइप करणारा मागच्या कराराचा मसुदा जसाच्या तसा उतरवतो. त्यात "दारे, खिडक्या व घरातील सर्व फिटिंग्ज मालकाच्या आहेत व सुस्थितीत मिळाल्या" असे वाक्य असते. तुमचे दार बसल्यावर त्याच वाक्याखाली सही केलीत तर ते दार मालकाचे असल्याची कबुली दिल्यासारखे होते. म्हणून नवीन बाँडवर "सेफ्टी डोअर व पाण्याचा फिल्टर भाडेकरूच्या मालकीचे असून अमुक तारखेच्या संमतीपत्रातील अटी लागू राहतील" हे एक वाक्य घालून घ्या आणि मगच सही करा.