उपमथळे आणि चौकट पुन्हा कर

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

पंचगंगेच्या पुरावरचा तुझा लेख वाचला. मजकुराला हात लावू नकोस. उपमथळे आणि चौकट मात्र पुन्हा करावी लागेल.

लेख बाजूला ठेवून मी फक्त मोठ्या अक्षरांतल्या ओळी एका कागदावर उतरवल्या. मथळा: 'पंचगंगेचा पूर कशामुळे?' त्याखाली चार उपमथळे: 'आभाळ फाटतं तेव्हा', '43 फुटांवर शहर पाण्यात', 'अलमट्टी दोषी?', 'पुढे काय?' आणि चौकटीत निवृत्त अभियंत्यांचं वाक्य: 'अलमट्टीचा फुगवटा थेट शिरोळपर्यंत'. लेख न वाचलेल्या एका सहकाऱ्याला कागद दिला आणि विचारलं, यात काय म्हटलंय? तो म्हणाला, "अलमट्टीमुळे कोल्हापूर बुडतं. नवीन काय त्यात?"

तुझा लेख नेमकं याच्या उलट सांगतो. आणि मोबाइलवर अंगठ्यानं मजकूर सरकवणारा वाचक माझ्या सहकाऱ्याइतकंच वाचणार आहे.

आधी चौकट. तुझ्याच मजकुरात अभियंत्यांचं वाक्य असं आहे: "अलमट्टीतून विसर्ग वेळेत वाढला नाही, तर फुगवटा शिरोळपर्यंत जाणवू शकतो, पण कोल्हापूर शहरातल्या पाण्याचं मुख्य कारण मला पाणलोटातला पाऊस आणि पूररेषेतली बांधकामं हेच वाटतं." यातून तू 'विसर्ग वेळेत वाढला नाही, तर' ही अट काढलीस, 'पण'नंतरचा सगळा भाग काढलास, आणि 'थेट' हा शब्द आपल्या पदरचा घातलास. अवतरणचिन्हांच्या आत एक शब्दही आपला नको, यावर वाद नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे गाळलेलं क्रियापद. आपल्याकडे शंका, शक्यता, नकार हे सगळं वाक्याच्या शेपटाला असतं. मथळ्याच्या सवयीनं शेपूट छाटलं, की 'जाणवू शकतो' उडतं आणि शक्यतेची बातमी होते. म्हणून चौकटीसाठी वाक्य निवडताना शेवटापासून मागे वाच. 'पण'च्या आधीचा तुकडा जवळजवळ कधीच उचलू नये, कारण बोलणारा तिथे बहुधा दुसऱ्याचं म्हणणं मान्य करत असतो. स्वतःचं पुढे सांगतो. इथे चौकटीत घ्यायचं ते 'कोल्हापूर शहरातल्या' पासून शेवटच्या 'वाटतं'पर्यंत. 'मला' आणि 'वाटतं' दोन्ही ठेव, ते त्यांचं मत आहे. ओळ लांब होईल, होऊ दे. मग फोन करून विचार, एवढंच छापलं तर चालेल का? अलमट्टीचा भाग चौकटीबाहेर राहिल्यानं ते नाराज झाले, तर चौकटच नको.

'अलमट्टी दोषी?' मधल्या प्रश्नचिन्हानं आपण सुटलो असं अनेकांना वाटतं. वाचकाच्या डोक्यात प्रश्नचिन्ह राहत नाही, आरोप राहतो. त्या भागात तू काय दाखवलंस ते एका साध्या वाक्यात लिही, तोच उपमथळा: 'अलमट्टीचा परिणाम शिरोळकडे, तोही विसर्ग लांबला तर'. हेही अभियंत्यांचंच म्हणणं आहे, म्हणून खालच्या पहिल्याच ओळीत त्यांचं नाव येऊ दे.

'43 फुटांवर शहर पाण्यात' हे तर चूकच आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. पाणी तिथे पोचलं म्हणजे सगळं शहर बुडालं असं नव्हे. नदीकाठच्या सखल वस्त्यांची आणि उंचावरच्या पेठांची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात ही ओळ कुणी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकली तर काय होईल, तुला माहीत आहे. 'राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका पातळी' एवढं पुरे. आकडा उपमथळ्यात आला की तो कुठला आणि कशाचा, हे त्याच ओळीत हवं.

'आभाळ फाटतं तेव्हा' खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. खाली तू राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांवर चांगलं लिहिलंयस. 'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरल्यावर उघडतात' असं लिहिलंस तर चाळणाऱ्यालाही काही हाती लागेल, आणि ज्याला भोगावतीत पुढे काय होतं ते हवंय तो थांबेल.

चौकटीची जागाही बदल. मूळ वाक्याला अगदी चिकटून ती आली, की मोबाइलवर तेच वाक्य लागोपाठ दोनदा वाचावं लागतं; फार आधी टाकली, तर बोलणारा कोण हेच कळत नाही. अभियंत्यांची ओळख होऊन गेल्यावर, मूळ वाक्यापासून एखाद-दुसरा परिच्छेद सोडून ठेव.

'पुढे काय?' काढून टाक. त्याखाली दोनच परिच्छेद आहेत, ते उपमथळ्याविना वाचले जातील.

नव्या ओळी लिहून झाल्या की त्या वेगळ्या कागदावर काढ आणि लेख न वाचलेल्या कुणाला तरी दे. मला नको, मी आता वाचलाय.

तुझा,
दादा