टोपीवर फोमची उठावदार अक्षरं: टोकं आणि पॅनेलचा बाक

प्रश्न: सहा पॅनेलच्या टोपीवर आमच्या संघाचं नाव 'वाघ' फोम टाकून भरलं. दंडाच्या टोकांतून फोम डोकावतो आणि शिरोरेषा मधल्या शिवणीपाशी लाटेसारखी होते. मशीन बिघडलंय का?

उत्तर: मशीन ठीक असावं, पंचिंग, म्हणजे मशीनसाठी केलेली टाक्यांची आखणी, बदलावं लागेल. तुमची फाइल बहुतेक सपाट भरतकामाची आहे, आणि ती फोमवर तशीच चालवली की नेमकं हेच होतं.

फोम कात्रीने कापायचा नसतो, सुईच्या भोकांनीच तो कापला जातो. साटन टाका दंडाच्या दोन्ही कडांना दाट भोकं पाडतो, म्हणून कडेचा फोम सहज फाटून निघतो. पण दंडाच्या खालच्या टोकाला टाकेच नसतात, त्यामुळे तिथला फोम अखंड राहतो आणि बाहेर दिसतो. त्यासाठी टोकावर आधी आखूड उभे टाके घालून ते बंद करायचं आणि मग त्यावरून मुख्य साटन न्यायचं. सपाट कामात टाक्यांतलं अंतर साधारण ०.४ मिमी असतं, ते इथे ०.२ च्या आसपास आणा. सुई टोकदार घ्या. गोल टोकाची सुई फोम कापत नाही, नुसती दाबते.

दंड शिरोरेषेला भिडतो ती जागा जपा. टाक्यांवर टाके चढले की फोम तिथे चेपतो आणि अक्षराला खळगा पडतो. मी दंड रेषेच्या खालच्या कडेलाच बंद करतो, रेषेखाली घुसवत नाही.

आता लाट. डावीकडून उजवीकडे सलग भरत गेलं की कापड पुढे ढकललं जातं आणि मधल्या जाड शिवणीपाशी गोळा होतं. 'वाघ'ची शिरोरेषा शिवणीवरच तोडा. मधून डावीकडे 'वा', पुन्हा मध्यावर येऊन उजवीकडे 'घ'. मग कापड बाहेरच्या बाजूला सरकतं, तिथे त्याला जागा असते.

एवढं करूनही अक्षर हललं, तर टोपी फ्रेमवर सैल बसली आहे. भरण्याआधी पॅनेल बोटाने दाबून बघा. ते आत जाऊन परत वर आलं, तर टोपी आणि सुईपट्टी यांच्यात पोकळी आहे. सुई वर येताना पॅनेलही तिच्याबरोबर उचललं जातं आणि टाका चुकतो. आतली घामपट्टी बाहेर ओढून पट्टा पुन्हा आवळा, आणि अक्षरं टोपीच्या चोचीपासून दीड सेंटिमीटर तरी वर ठेवा, कारण अगदी खाली पॅनेलचा बाक फ्रेमवर सपाट बसतच नाही.

एकदा चाळीस टोप्यांच्या कामात मी पोकळी न तपासताच मशीन सुरू केलं. पहिल्या सहा टोप्यांत 'घ' दीड-दोन मिलिमीटर खाली उतरला. त्या टाके उसवून वाचवताही आल्या नाहीत, कारण पॅनेलच्या आतल्या कडक अस्तराला, बकरमला, पडलेली भोकं बुजत नाहीत.

फोम दोऱ्याच्याच रंगाचा घ्या. उरलेल्या कणांवर हीट गन लांबून, सतत हलवत फिरवा, ते आकसून आत जातात. एका जागी धरलीत तर पॉलिस्टर दोऱ्याची चमक जाते.

दंडाची रुंदी किती मिमी आहे ते कळवा. तीनपेक्षा कमी असेल तर अक्षर फोमवर उठणार नाही, आधी तेच जाड करावं लागेल.