रोज थोडा स्टॉक मोजायचा आणि पेंडिंग ऑर्डरी पण बिघडू द्यायच्या नाहीत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (भोसरी, बेअरिंगचा होलसेल): दरवर्षी मार्चमध्ये दोन दिवस शटर बंद करून स्टॉक घेतो. आता रोज थोडं मोजायचं ठरवलंय. आठशे आयटम आहेत, माणसं दोन. रोज काय आणि किती मोजायचं?

आधी वर्षभराच्या विक्रीची रक्कम लावून आयटमची उतरती यादी काढा. वरचे साधारण चाळीस आयटम बहुतेक धंदा ओढत असतात, ते ए. त्याखालचे एकशे साठ बी, आणि उरलेले सहाशे सी. ए महिन्यातून एकदा, बी तीन महिन्यांतून एकदा, सी वर्षातून एकदा. हिशोब करा, ४० गुणिले १२ म्हणजे ४८०, १६० गुणिले ४ म्हणजे ६४०, आणि सीचे ६००, सगळे मिळून १७२०. कामाचे दिवस ३०० धरले तर रोज जेमतेम सहा आयटम. पिकिंग सुरू व्हायच्या आधी दोन माणसांकडून हे आरामात होतं, शटर ओढायची गरजच पडत नाही.

दोन गोष्टी मात्र पाळा. मोजणाऱ्याच्या कागदावर सिस्टीमचा आकडा छापू नका, फक्त आयटम आणि फळीचा नंबर द्या, कारण १२० लिहिलेलं दिसलं की शंभरच्या पुढे माणूस मोजतच नाही, १२० ची टिक मारून मोकळा होतो. आणि यादीत नसला तरी ज्या आयटमला सिस्टीम मायनस दाखवतेय, किंवा पिकर म्हणतोय "फळीवर नाही" आणि सिस्टीम म्हणतेय "आहे", तो त्याच दिवशी मोजून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): ६२०५ झेडझेड बेअरिंग सिस्टीमला १२० होते, फळीवर ६८ निघाले. पोराने सरळ ६८ टाकून सेव्ह केलं, तेव्हापासून त्या आयटमच्या ऑर्डरी लाल दिसतायत. ९० नगांच्या ऑर्डरी रिझर्व्ह आहेत. चूक कुठं झाली?

पोराने नीट मोजलंय हो, फक्त अर्धीच जागा मोजलीय. पॅकिंग टेबलापाशी जाऊन बघा, माझा अंदाज आहे की त्या ९० पैकी काही नग पिक होऊन, टेप लावून, ट्रान्सपोर्टच्या गाडीची वाट बघत बसलेत. समजा तिथं ४० सापडले. बिल झालं नाही तोवर ते बुक स्टॉकमध्येच असतात, फळीवरून मात्र उठलेले असतात. म्हणजे खरा माल ६८ अधिक ४०, एकूण १०८, आणि तूट १२ ची, ५२ ची नव्हे.

आता ६८ टाकल्यावर काय झालं बघा. सिस्टीमने ६८ मधून ९० वजा केले, फ्री स्टॉक उणे २२ आला आणि ऑर्डरी लाल झाल्या. हे एवढ्यावर थांबणार नाही, उद्या त्या ४० चं बिल होईल तेव्हा बुक २८ वर येईल आणि फळीवर मात्र ६८ दिसतील, मग कोणीतरी म्हणेल "४० जास्त निघाले" आणि उलटी एन्ट्री टाकेल, आणि महिन्याभराने या आयटमची हिस्टरी कोणालाच उलगडणार नाही. आत्ताच अधिक ४० ची एक एन्ट्री करा आणि रिमार्कमध्ये "पॅकिंगमधला माल मोजायचा राहिला" असं स्पष्ट लिहा. बुक १०८ होईल, रिझर्व्ह ९० तसंच राहील, फ्री १८. आधी फ्री ३० दिसत होता, तो १२ ने कमी झाला, म्हणजे तूट पूर्ण फ्री मालात बसली आणि एकाही ऑर्डरला हात लागला नाही.

एक तपासून घ्या, तुमच्या सिस्टीममध्ये स्टॉक नेमका कुठल्या कागदावर कमी होतो. काही ठिकाणी डिलिव्हरी चलनावरच कमी होतो आणि बिल नंतर होतं. तसं असेल तर चलन झालेले खोके दारात उभे असले तरी मोजायचे नाहीत. हा नियम मोजणाऱ्याच्या कागदावर वरच एका ओळीत छापून टाका, तोंडी सांगितलेलं नवीन माणूस आला की विसरलं जातं.

प्रश्न (नाशिक): आम्ही सकाळी नऊला मोजतो पण एन्ट्री संध्याकाळी अकाउंटवाल्या मॅडम टॅलीत करतात. मधे दिवसभर माल येतो जातो. रोज काहीतरी वेगळंच निघतं.

निघणारच, कारण सकाळचा आकडा संध्याकाळच्या बुकावर जाऊन बसतोय. वरचंच उदाहरण घ्या. नऊ वाजता बुक १२०, मोजले १०८, फरक उणे १२. दिवसात २५ विकले, ५० नवीन आले, तर संध्याकाळी बुक १४५. आता मॅडमनी १०८ टाकले तर ३७ नग गायब झाले, आणि त्यातले २५ तर दिवसभरातल्या आवक-जावकीचे आहेत. त्याऐवजी फक्त उणे १२ टाकलं तर बुक १३३ येतं, आणि फळीवरही १०८ वजा २५ अधिक ५०, म्हणजे १३३ च असणार. म्हणून मोजलेला आकडा कधीच पोस्ट करायचा नाही, फरक पोस्ट करायचा, आणि फरक काढायचा तो मोजणीच्या क्षणीच्या बुकाशी. नऊ वाजता त्या सहा आयटमचा स्टॉक प्रिंट करून मॅडमकडे ठेवा (मोजणाऱ्याकडे नाही!), संध्याकाळी कितीही उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

टॅलीत Physical Stock व्हाउचर तुम्ही दिलेला आकडाच त्या तारखेचा स्टॉक धरतं, म्हणून चालू दिवसाच्या धावपळीत माझी पसंती Stock Journal ला आहे, त्यात बारा नग कमी एवढीच एन्ट्री जाते. सॅपवाल्यांना हेच काम MI01 मध्ये मोजणीचा कागद उघडताना बुक स्टॉक गोठवायची टिक मारून करता येतं, मग MI04 मध्ये मोजलेलं टाकायचं आणि MI07 ने फरक पोस्ट. तिथंच शेजारी पोस्टिंग ब्लॉकची टिक असते, ती चालू दिवसात मारू नका, त्या आयटमची आवक-जावक अडते आणि दारात गाडी उभी असताना डिस्पॅचवाले तुमच्या नावाने ओरडतात.

आणि नऊच्या आधी दोन गोष्टी क्लिअर करून घ्या, कालचा उतरवलेला पण इनवर्ड न झालेला माल, आणि काल गेलेला पण बिल न झालेला माल. माझ्या अनुभवात "फरक" म्हणून येणाऱ्यातले कितीतरी हेच असतात, त्यांना अ‍ॅडजस्टमेंट लागत नाही, राहिलेला कागद लागतो.

प्रश्न (चाकण): आमच्याकडे तूट अशी आलीय की कुठली तरी ऑर्डर अर्धी राहणारच. अ‍ॅडजस्टमेंट आधी टाकू की ऑर्डरी आधी सोडवू?

ऑर्डरी आधी. उलट केलंत तर काही सिस्टीम एन्ट्रीच घेत नाहीत, आणि काही घेतात पण कुठल्या ऑर्डरचं रिझर्वेशन उडवायचं ते स्वतःच ठरवतात, आणि मग आज गाडीत चढणारा माल अडकतो.

पहिलं, आयटमवर नवीन रिझर्वेशन थांबवा आणि दुसऱ्या माणसाकडून परत मोजून घ्या. मग असं मांडा. बुक १२०, रिझर्व्ह ११५, खरे १०८. म्हणजे ७ नगांचं वचन दिलंय पण माल नाही. ११५ पैकी ४० पॅक झालेत, त्यांना कोणीही हात लावायचा नाही, खोकं फोडून नग काढायचे हा विचारही नको. उरलेले ७५ तीन ऑर्डरींवर आहेत, आज जाणारी ३०, उद्याची २५, पुढच्या गुरुवारची २०. सात नग गुरुवारच्या ऑर्डरवरून काढा, तिचं रिझर्वेशन १३ होईल, एकूण रिझर्व्ह १०८. आता उणे १२ टाका, बुक १०८, फ्री शून्य, कुठंही लाल नाही.

इथं एक चूक फार जण करतात, ऑर्डरमधलाच आकडा २० चा १३ करून टाकतात. तसं करू नका. गिऱ्हाइकाने २० मागितलेत, ऑर्डर २० चीच राहू द्या, फक्त रिझर्वेशन १३ वर आणा म्हणजे ७ बाकी दिसत राहतील आणि त्यावरून खरेदीची ऑर्डर निघेल. आकडाच बदलला तर ते ७ कोणाच्याच यादीत राहत नाहीत आणि गुरुवारी गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा कळतं. सेल्सच्या माणसाला त्याच दिवशी सांगा, गुरुवारपर्यंत माल आला तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही, आणि नाही आला तर आधी सांगता येईल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): ६२०५ झेडझेड १२ शॉर्ट आणि ६२०५ टूआरएस १२ एक्सेस निघाले. दोन्ही एन्ट्री टाकून मोकळा होऊ का? सीए म्हणतात शॉर्टवर जीएसटीचं क्रेडिट उलटवावं लागेल.

थांबा, अजून काहीच टाकू नका. दोन्ही बेअरिंगचं माप एकच आहे, आतून २५, बाहेरून ५२, रुंदी १५ मिलिमीटर, फरक फक्त झाकणाचा, एकाला पत्र्याचं आणि दुसऱ्याला रबराचं सील. त्यामुळे बारा तिकडे कमी आणि बारा इकडे जास्त असं जुळून आलं की माल हरवला नसून अदलाबदल झालीय असं धरूनच शोधायला लागा.

तीन जागी बघायचं. आधी टूआरएसच्या फळीवरचे खोके उघडून आतला नग बघा, लेबल नाही, नग. आत पत्र्याचं झाकण निघालं तर माल चुकीच्या फळीवर ठेवलाय, उचलून जागेवर ठेवा, एन्ट्रीच नको. ते बरोबर असेल तर मागच्या मोजणीनंतरची इनवर्ड बघा, टूआरएस आलेला माल झेडझेड म्हणून चढवलाय का, तर ते इनवर्डच दुरुस्त करा. तेही नसेल तर बिलं बघा, नेमके १२ टूआरएस कोणाला गेलेत. असं बिल सापडलं तर त्या गिऱ्हाइकाकडे बहुधा झेडझेड पोचलेत, आणि फोन आजच करा, कारण तो पाण्याच्या, धुळीच्या जागी बसवणार असेल तर पत्र्याचं झाकण पाणी अडवत नाही, बेअरिंग लवकर जाईल. बदलून द्या आणि कागद पण तसाच करा. महिन्याला मोजता म्हणून ही शोधाशोध चार आठवड्यांच्या बिलांत संपते, मार्चला मोजलं असतं तर वर्षभराची बिलं चाळावी लागली असती.

या तिन्ही जागी काही सापडलं नाही आणि १२ झेडझेड खरंच गेलेत असं ठरलं तर सीए बरोबर सांगतायत, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा राइट ऑफ केलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. घेतलेलं असेल तर जीएसटीआर-३बीच्या ४(बी)(१) मध्ये उलटवायचं. एक्सेसच्या १२ नगांनी ते भरून निघत नाही, ते वेगळे आयटम आहेत, आणि हरवलेल्या मालाची नोंद स्टॉक रजिस्टरमध्ये ठेवणं नियम ५६ मध्येही आहे. म्हणून अ‍ॅडजस्टमेंटला कारणाचा कोड लावताना "हरवला", "खराब", "फळी चुकली", "इनवर्ड चुकलं" असे वेगवेगळे ठेवा. सगळं "स्टॉक डिफरन्स"मध्ये ढकललं की महिन्याच्या शेवटी सीएला क्रेडिट कशावर उलटवायचं तेच कळत नाही, आणि मग ते सगळ्यावरच उलटवतात.